हाडं ठणकतात, मांड्यांत जोर नाही आणि ड जीवनसत्त्व कमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड जीवनसत्त्वाचा आकडा कमी येणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. पण हा आकडा फार खाली गेला आणि महिनोन् महिने तिथेच राहिला, तर मोठ्या माणसाची हाडं मऊ पडू लागतात. लहान मुलांमधल्या याच आजाराला मुडदूस म्हणतात, मोठ्यांमध्ये त्याला ऑस्टिओमलेशिया किंवा अस्थिमृदुता म्हणतात. माझ्या तपासणीच्या खोलीत असे रुग्ण बहुधा वर्षा-दोन वर्षांनी पोचतात, कंबरेचं किंवा सांध्यांचं दुखणं म्हणून उपचार घेऊन थकल्यावर. पुढचे प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत.

हे दुखणं नेमकं कुठे आणि कसं असतं?

सांध्यात नसतं, हाडात असतं. रुग्णाला बोट ठेवून एक जागा दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. तो सगळी मांडी, सगळी कंबर चोळून दाखवतो. कंबर, माकडहाडाच्या वरचा भाग, खुबे, जांघा, बरगड्या, नडग्या या नेहमीच्या जागा. दोन्ही बाजूंना साधारण सारखंच दुखतं. सांधा सुजलेला नसतो, लाल नसतो. उभं राहिलं, चाललं, वजन उचललं की दुखणं वाढतं. रात्री कुशीवर वळताना खुबा आणि बरगड्या बोलतात.

तपासताना मी नडगीच्या सपाट भागावर आणि छातीच्या मधल्या हाडावर अंगठ्याने दाबतो. निरोगी माणसाला फक्त दाब जाणवतो. अस्थिमृदुता असेल तर चेहरा आक्रसतो. एवढ्यावर निदान होत नाही, पण पुढे कुठल्या तपासण्या करायच्या ते यावरून ठरतं.

हाड दुखतंच कशामुळे?

ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तेव्हा आतडं अन्नातलं साधारण 30 ते 40 टक्के कॅल्शियम उचलतं. ते फार कमी झालं की हे प्रमाण 10 ते 15 टक्क्यांवर येतं. पण रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं शरीराला परवडत नाही, कारण हृदय आणि मज्जातंतू त्यावर चालतात. म्हणून मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जागच्या होतात आणि त्यांचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. तेच संप्रेरक मूत्रपिंडाला फॉस्फेट लघवीवाटे टाकायला लावतं.

हाड सतत मोडत आणि नव्याने बांधलं जात असतं. नव्या बांधकामात आधी प्रथिनांचा मऊ सांगाडा तयार होतो आणि मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेट भरलं जातं. दोन्ही अपुरं पडलं की सांगाडा तसाच कच्चा राहतो. हा कच्चा थर पाणी धरून फुगतो आणि हाडावरच्या आवरणाला ताण देतो, असं मानलं जातं. त्या आवरणात वेदनेचे तंतू भरपूर असतात. ठिसूळ हाडांच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये, हाड विरळ होतं पण जे असतं ते पक्कं असतं, म्हणून मोडेपर्यंत दुखत नाही. हे दोन आजार एकच समजून औषध देणं ही मला वारंवार दिसणारी चूक आहे. हाडाची घनता मोजणाऱ्या यंत्रावर दोन्हींत आकडा कमीच येतो, पण उपचार वेगळे आहेत.

अशक्तपणा आणि थकवा यांत फरक कसा ओळखायचा?

हा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. थकलेल्या माणसाला जिना चढावासा वाटत नाही. अशक्त माणसाला चढायचा असतो, पण मांडी शरीर वर उचलत नाही. अस्थिमृदुतेत धडाजवळचे स्नायू कमजोर होतात, म्हणजे खुबे, मांड्या आणि थोड्या प्रमाणात खांदे. हाताची पकड चांगली असते. बाटलीचं झाकण उघडतं, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. गाडीतून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर ठेवावा लागतो. फार वाढलं की माणूस बदकासारखा डुलत चालतो.

यामागे फॉस्फेटची कमतरता हे एक कारण आहे, कारण स्नायूला ताकद लावायला लागणारी ऊर्जा फॉस्फेटशिवाय तयार होत नाही. शिवाय स्नायूतले झटक्यात काम करणारे तंतू बारीक होतात. ठेच लागल्यावर तोल सावरतात ते हेच तंतू, म्हणून या रुग्णांचं पडणंही वाढतं.

घरी करण्यासारखी एक मोजणी आहे. हात नसलेल्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घ्या आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. तोल जात असेल तर शेजारी कोणीतरी उभं असू द्या. हा आकडा लिहून ठेवा. उपचार लागू पडतोय का, हे रक्ताच्या अहवालाआधी तो सांगतो.

माझा आकडा 17 आला आहे. अंग दुखतं ते त्यामुळेच का?

बहुधा नाही. रक्तात मोजतात ते 25-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व. एक मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर हाडांसाठी जवळजवळ सगळ्यांना पुरतं. 12 च्या खाली गेलं तर कमतरता गंभीर मानतात, आणि ज्यांची हाडं खरोखर मऊ झालेली असतात त्यांचा आकडा बहुतेकदा 10 च्याही खाली असतो. अहवालात नॅनोमोल लिहिले असतील तर त्याला अडीचने भागा.

17 असेल तर गोळी घ्यायला हरकत नाही, पण दुखण्याचं कारण सापडलं असं समजून थांबू नका. अस्थिमृदुता असेल तर सोबतच्या तपासण्याही बिघडलेल्या दिसतात: अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, पॅराथायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं, फॉस्फेट कमी, कॅल्शियम कमी किंवा खालच्या काठावर. हे सगळं व्यवस्थित असेल आणि फक्त ड कमी असेल, तर थायरॉइड, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, स्नायूंचा दाह, झोप अशी दुसरी कारणं बघावी लागतात. सीके नावाचं स्नायूंचं एन्झाइम अस्थिमृदुतेत सहसा वाढत नाही. ते खूप वाढलेलं असेल तर आजार स्नायूंचाच आहे. आणि उलट बाजूही आहे: ड जीवनसत्त्व ठीक, पण फॉस्फेट सतत कमी असेल तर तो वेगळा आजार आहे आणि ड च्या गोळ्यांनी तो बरा होणार नाही.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण सांगाल का?

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. वय 41, कामाच्या वेळा रात्रीच्या, दिवसा पडदे लावून झोप. मासे, अंडी नाहीत, दूध पचत नाही म्हणून तेही नाही. दीड वर्ष कंबर आणि खुबे दुखत होते. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती किंचित सरकलेली दिसली आणि सगळं दुखणं तिच्या नावावर टाकलं गेलं. मला खटकलं ते वेगळंच. बाई खोलीत आल्या आणि खुर्चीत बसल्या नाहीत, सोडून दिल्यासारख्या पडल्या. उठताना टेबलाची कड धरली. 30 सेकंदांत चार वेळा उभ्या राहिल्या.

ड जीवनसत्त्व 5. कॅल्शियम 8.4, फॉस्फेट 2.2, दोन्ही कमी. अल्कलाइन फॉस्फटेज 290, जिथे त्या प्रयोगशाळेची वरची मर्यादा 120 होती. पॅराथायरॉइड संप्रेरक 65 च्या जागी 190. सीके आणि मूत्रपिंडाची तपासणी ठीक. कटीच्या एक्स-रेत जांघेजवळच्या हाडाला आडवी, बारीक, फिकट रेघ होती. ही रेघ म्हणजे मऊ हाडावर पडलेली अर्धवट चीर, आणि अस्थिमृदुतेची ती जवळजवळ खात्रीची खूण आहे.

उपचार साधा होता. ड-3 ची 50,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत. एक्स-रेतल्या रेघेमुळे काही आठवडे काठी आणि जड उचलायला बंदी. त्यानंतर रोज 2000 युनिट. पुढे काय झालं ते सुधारणेच्या प्रश्नात सांगतो.

ऊन किती, कोणत्या वेळी?

त्वचेत ड तयार करणारे किरण म्हणजे अल्ट्राव्हायोलेट बी. सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण वातावरणातच अडतात. त्यामुळे पहाटेचं कोवळं ऊन अंगाला छान वाटतं, पण त्यातून ड जवळजवळ मिळत नाही. खूण सोपी आहे: उन्हात उभं राहिल्यावर सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तरच त्या उन्हाचा या कामी उपयोग. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात सावली दुपारीही लांबच पडते. बॉस्टनमध्ये 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्वचेत ड तयारच झालं नाही.

काचेतून हे किरण येत नाहीत. खिडकीजवळ बसून उजेड मिळतो, ड मिळत नाही. फक्त चेहरा उघडा ठेवूनही फार काही साधत नाही. दंड, पाय, पाठ उघडी हवी. गोऱ्या त्वचेला दहा-पंधरा मिनिटं पुरत असतील तिथे सावळ्या आणि काळ्या त्वचेला कित्येक पट वेळ लागतो. वयाबरोबर त्वचेची क्षमताही घटते. सत्तरीतली त्वचा विशीतल्या त्वचेच्या साधारण चतुर्थांश ड बनवते.

तासन् तास उन्हात बसून मात्र फायदा नाही. ठरावीक प्रमाणानंतर त्वचा जादा माल मोडून टाकते, म्हणून उन्हाने ड ची विषबाधा होत नाही, त्वचा मात्र भाजते. त्वचा लाल व्हायच्या बरीच आधी आत यायचं. आणि आकडा 5 असेल तर उन्हाच्या भरवशावर राहू नका. हाडांना लवकर भरपाई हवी असते, तेव्हा आधी औषध. ऊन पुढे पातळी टिकवायला उपयोगी पडतं.

आहारातून भरून निघेल का?

एकदा झालेली कमतरता नुसत्या आहाराने भरून निघत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट, सत्तरीनंतर 800. तेलकट माशांच्या 100 ग्रॅम तुकड्यात काहीशे युनिट मिळतात, कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या एका चमच्यात 400 च्या आसपास. अंड्याच्या पिवळ्या बलकात साधारण 40. म्हणजे नुसत्या अंड्यांवर रोजची गरज भागवायची तर पंधरा अंडी लागतील. साध्या दुधात ड नावापुरतंच असतं. वरून घातलेलं असेल तर पेल्यामागे 100 च्या आसपास. अळंबीत ड-2 असतं, पण ती अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात ठेवलेली असेल तरच मोजण्याइतकं.

आहाराचं खरं काम कॅल्शियमचं आहे. ड भरून काढलं की आतडं कॅल्शियम उचलायला तयार होतं, पण ताटात ते असायला हवं. दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आसपास पोटात जात नसेल तर उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत गोळी द्यावीच लागते. हाडांचा कच्चा सांगाडा तेव्हा कॅल्शियम इतक्या वेगाने ओढून घेतो की रक्तातलं कॅल्शियम खाली येऊन बोटांना, ओठांभोवती मुंग्या येऊ शकतात.

गोळी कशी घ्यायची? इंजेक्शन जास्त चांगलं नाही का?

ड तेलात विरघळतं, म्हणून दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी नको. आठवड्याची गोळी असेल तर वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेणं हा या उपचारातला सगळ्यांत वाईट घोटाळा आहे, आणि तो होतो.

आतडं नीट काम करत असेल तर इंजेक्शनचा फायदा नाही. स्नायूतून औषध सावकाश आणि बेभरवशाने उतरतं. वर्षातून एकदाच प्रचंड मात्रा देण्याची कल्पना तर तपासून झालेली आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वयस्क स्त्रियांना वर्षाला एकदम 5 लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं.

कॅल्सिट्रिऑल म्हणजे ड चं तयार, सक्रिय रूप. ते काही ठरावीक आजारांत, मुख्यतः मूत्रपिंडाच्या, देतात. साध्या कमतरतेत त्याने शरीरातला साठा भरत नाही आणि कॅल्शियम मात्र भराभर चढू शकतं.

बरं कधी वाटेल?

आधी ताकद येते, मग दुखणं जातं, आणि हाड सगळ्यांत शेवटी भरतं.

वर सांगितलेल्या बाईंचंच बघू. पहिले तीन आठवडे त्यांना काही फरक वाटला नाही, नडग्या थोड्या जास्तच ठणकल्या. असं काहींना होतं आणि याच टप्प्यावर औषध सोडून दिलं जातं. सहाव्या आठवड्यात हात न टेकता खुर्चीतून उठता आलं. 30 सेकंदांत सात वेळा. रात्री कुशीवर वळताना जाग येणं तिसऱ्या महिन्याच्या सुमारास थांबलं. तेव्हा ड 34 झालं होतं आणि पॅराथायरॉइड संप्रेरक 90 वर आलं होतं, पण अल्कलाइन फॉस्फटेज अजून 210 होतं. त्या घाबरल्या. घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण हे एन्झाइम हाडाचं बांधकाम चालू असल्याची खूण आहे. सुरुवातीला ते वाढूही शकतं आणि खाली यायला कित्येक महिने घेतं. सहा महिन्यांनी ते 125 झालं, उठण्याची मोजणी बारावर पोचली. एक्स-रेतली रेघ दहाव्या महिन्यात बुजलेली दिसली.

एवढा वेळ का लागतो, तर मऊ पडलेला थर साऱ्या सांगाड्यात असतो आणि त्यात खनिज भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. ड चा आकडा मात्र दोन-तीन महिन्यांत सुधारतो. आकडा चांगला आला म्हणजे हाड बरं झालं असं नाही. आकडाही लगेच तपासू नका; ड रक्तात आठवड्यांच्या हिशेबाने साठतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तरच अर्थ. गंभीर कमतरतेत कॅल्शियम मात्र आधी, महिनाभरात, बघावं.

गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही तर?

आधी गोळ्या खरंच घेतल्या का ते बघायचं, रिकाम्या पाकिटांसकट. घेतल्या असतील तर औषध आतड्यातून आत जात नाही किंवा शरीर ते पटकन मोडतंय. एका तरुणाचा आकडा आठ आठवड्यांच्या पूर्ण मात्रेनंतर 6 वरून फक्त 9 झाला. त्याचं लोहही जुनंच कमी होतं, पोट अधूनमधून बिघडायचं. तपासल्यावर सीलिअॅक आजार निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झडलेलं. ग्लूटेन बंद केल्यावर तीच मात्रा लागू पडली.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया, यकृत किंवा मूत्रपिंडाचे जुने आजार, फिटच्या काही औषधांचा लांबचा कोर्स हीही नेहमीची कारणं. वजन बरंच जास्त असेल तर दुपटी-तिपटीची मात्रा लागू शकते.

जास्त झालं तर काय होतं?

रक्तातलं कॅल्शियम वाढतं. सतत तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, आणि मग गुंगी किंवा गोंधळलेपणा. असं वाटलं तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून कॅल्शियम तपासून घ्या. देखरेखीशिवाय रोज 4000 युनिटच्या वर जाऊ नये. मुतखडा, सारकॉइडोसिस, क्षयरोग, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पाणी उतरवणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्या चालू असतील, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायला हवी.

गोळी कायमची घ्यावी लागेल का?

कमतरता ज्यामुळे झाली ते बदललं का, यावर ते अवलंबून आहे. त्या बाईंच्या रात्रीच्या पाळ्या अजून चालू आहेत आणि आहारही तोच आहे, म्हणून त्यांची रोजची छोटी मात्रा चालू आहे. त्यांनी मध्ये एकदा पाच महिने ती सोडली होती. आकडा 31 वरून 14 वर आला. पण या वेळी त्या स्वतःच आल्या, कारण खुर्चीची मोजणी बारावरून नऊवर उतरलेली त्यांच्या लक्षात आली होती.